फराळाची साईट दिवाळीआधी उभी करायची: पहिल्या टप्प्यात काय, मागे काय ठेवायचं

प्रश्न: "आम्ही दोघी जावा ठाण्यात पाचपाखाडीला घरगुती फराळ आणि मसाले करतो. सगळ्या ऑर्डर व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि आता त्या आवरत नाहीत. एका एजन्सीने साईटसाठी २३ गोष्टींची यादी दिली आहे. त्यात लॉगिन, मोबाइल अ‍ॅप, वॉलेट, पॉइंट, मासिक सबस्क्रिप्शन, रिव्ह्यू, लाइव्ह ट्रॅकिंग, दोन भाषा असं बरंच काही आहे. पाच महिने लागतील म्हणतात. दिवाळीला साडेतीन महिने उरलेत. यातलं आधी काय घ्यावं आणि नंतर काय?"

ताई, यादीतलं आधी काय घ्यायचं ते ठरवण्यापूर्वी यादीत काय राहिलंय ते बघा. तुमच्या स्वयंपाकघरातून एका दिवशी किती किलो माल निघतो, याचा त्या २३ गोष्टींत कुठेच उल्लेख दिसत नाही. फराळाच्या धंद्यात साईट कोसळते ती याच जागी. ऑर्डर घेणं तिला सहज जमतं, पण ऑर्डर कधी थांबवायची हे तिला कोणी सांगितलेलं नसतं.

मी घणसोलीत राहतो आणि चौदा वर्षं ठाणे-नवी मुंबईतल्या छोट्या धंद्यांच्या साईट करतो. नवीन काम आलं की पहिली यादी मी एजन्सीसारखी बसून लिहीत नाही. धंदा चालतो तिथे एक दुपार बसतो आणि आलेली एकच ऑर्डर सुरुवातीपासून शेवटपर्यंत कागदावर उतरवतो. तुम्हीही आज हे करा. गेल्या दिवाळीतला व्हॉट्सअ‍ॅपवरचा एखादा जुना संवाद उघडा. समजा खारघरच्या एका बाईंनी दोन किलो चकली, एक किलो शेव आणि एक किलो बेसन लाडू मागवलेत. त्यांनी आधी भाव विचारला असेल. मग खारघरला पाठवता का, पाठवायचे किती, गुरुवारपर्यंत मिळेल का, पैसे कुठे टाकू, हे सगळं. मग त्यांनी पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट टाकला, तुम्ही तो बँकेच्या मेसेजशी ताडून पाहिला, वहीत लिहिलं, आणि गुरुवारी सकाळी पिशवीवर नाव-पत्ता चिकटवून माल बाहेर पडला.

या संवादात जिथे जिथे तुम्हाला उत्तर टाइप करावं लागलं, तिथे पहिल्या टप्प्यातल्या साईटने तुमच्याऐवजी उत्तर द्यायला हवं. म्हणजे पदार्थ, वजन आणि भाव, पिन कोडवरून पोचवण्याचा खर्च, माल निघण्याची तारीख, पैसे, आणि रोज सकाळी छापता येईल अशी ऑर्डरची यादी. माझ्या मते पहिली साईट एवढीच. बाकीच्या गोष्टी चांगल्या असतीलही, पण त्यांच्यावाचून खारघरची पिशवी अडत नाही.

आता तारीख आणि क्षमतेबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे मी स्वतः एकदा मोठी चूक केली आहे. वाशीतल्या एका फराळवाल्या ताईंच्या साईटवर मी प्रत्येक पदार्थाला रोजचा वेगळा साठा लावला होता: चकली १५ किलो, शेव १५ किलो, करंजी १० किलो. प्रत्येक आकडा एकेकटा पाहिला तर बरोबर होता. धनत्रयोदशीच्या आधी एक दिवस तिन्ही पूर्ण भरले. चाळीस किलो तळण, आणि कढई एकच. त्या कढईवर दिवसाला फार तर वीस किलो निघायचं. साईटने कुठलाही नियम मोडला नव्हता, नियमच मी चुकीचा दिला होता. ताईंना २६ जणांना एकेक फोन करून पैसे परत करावे लागले. दिवाळीच्या तोंडावर ज्यांना नाही म्हणावं लागलं त्यांतले बरेचसे पुढच्या वर्षी आले नाहीत.

म्हणून मर्यादा पदार्थाला लावू नका, कढईला लावा. चकली, शेव, कडबोळी, शंकरपाळी, करंजी एकाच कढईत तळत असाल तर त्या सगळ्यांचा मिळून रोजचा एकच कोटा. लाडू आणि चिवडा दुसऱ्या शेगडीवर आणि दुसऱ्या हातांनी होत असतील तर त्यांचा कोटा वेगळा. करंजीला हात जास्त लागतो, तेव्हा एक किलो करंजी कोट्यातून दोन किलो खाते असं धरा. खारघरच्या ऑर्डरने तळणाच्या कोट्यातून तीन किलो आणि लाडवांच्या कोट्यातून एक किलो घेतलं. ज्या दिवशी दोन्हीकडे एवढी जागा शिल्लक असेल तीच त्यांना सर्वांत लवकरची तारीख म्हणून दिसेल. बुधवारी तळणात दोनच किलो उरले असतील तर पूर्ण ऑर्डर गुरुवारवर जाईल, अर्धी आज अर्धी उद्या असं काही नाही.

कढईवर वीस किलो निघत असतील तर साईटला पंधराच द्या. उरलेले पाच सोसायटीतल्या काकूंच्या फोनसाठी, जळलेल्या घाण्यासाठी आणि आणखी एका कारणासाठी लागतात, त्याच्याकडे येतोच. हा वीसचा आकडा तुमचा किती, हे मात्र तुमचं तुम्हालाच मोजावं लागेल. गर्दी नसलेल्या दिवशी मोजलेला आकडा दिवाळीत टिकत नाही, कारण तेव्हा मदतीला येणाऱ्या बायकांच्या घरीही दिवाळीच असते.

एजन्सीला एक प्रश्न नक्की विचारा: दिवसाची मर्यादा तुम्ही ऑर्डरच्या संख्येवर लावता की किलोवर? वूकॉमर्ससारख्या तयार दुकानावर डिलिव्हरीची तारीख निवडायची प्लगिन मिळतात, पण त्यातली बरीच दिवसाला अमुक इतक्या ऑर्डर एवढंच मोजतात. पाव किलो चिवड्याची ऑर्डर आणि एखाद्या ऑफिसची बारा किलोची ऑर्डर त्यांच्या हिशेबी सारखीच. तुम्हाला किलोचा हिशेब हवा. तो थोडं काम करून बसवता येतो, आणि लॉगिन-वॉलेटवर जाणारा वेळ इथे खर्च झाला तर माझी काहीच हरकत नाही.

दुसरी जागा पैशांची. ग्राहक मोबाइलवर साईट उघडते, यूपीआय निवडते, फोन तिला पैशांच्या अ‍ॅपमध्ये नेतो, ती पिन टाकते, पैसे जातात. आणि तिथेच तिला फोन येतो किंवा ती ते अ‍ॅप बंद करून टाकते. परत साईटच्या पानावर ती येतच नाही. तुमची साईट जर ग्राहक परत आल्यावर ऑर्डर पक्की करत असेल, तर पैसे तुमच्या खात्यात आणि ऑर्डर कुठेच नाही. संध्याकाळी त्या बाईंचा फोन येतो आणि तुम्ही पुन्हा स्क्रीनशॉट ताडत बसता, म्हणजे साईट करून मिळवलं काय?

यावर उपाय असा की पैसे आल्याची खबर पेमेंट गेटवेने, म्हणजे साईटवरचे पैसे तुमच्या खात्यात पोचवणाऱ्या कंपनीने, थेट तुमच्या सर्व्हरला द्यायची, ग्राहकाच्या फोनवर विसंबायचं नाही. याला वेबहुक म्हणतात. एकच खबर कधी कधी दोनदाही येते, तेव्हा तोच ऑर्डर क्रमांक दुसऱ्यांदा आला तर साईटने नवी ऑर्डर करायची नाही. हे काम पहिल्या टप्प्यातच हवं, नंतरवर टाकायचं नाही. पारख करणं सोपं आहे. दहा रुपयांचा एक खोटा पदार्थ टाकायला सांगा. यूपीआयने खरे पैसे भरा आणि पैसे गेल्याक्षणी साईटचं पान बंद करा. काही मिनिटांत ऑर्डर तुमच्या यादीत दिसली तर ठीक. नाही दिसली तर काम पुरं झालेलं नाही, मग पान कितीही देखणं असो.

पैसे भरायला गेलेल्या ग्राहकासाठी तिचे किलो पंधरा मिनिटं राखून ठेवायचे आणि तोवर पैसे आले नाहीत तर सोडून द्यायचे. कधी कधी पैसे विसाव्या मिनिटाला येतात आणि तोवर ती जागा दुसऱ्याने घेतलेली असते. मागे ठेवलेले पाच किलो अशा वेळी कामाला येतात. ऑर्डर घ्यायची आणि त्या पाचातून भागवायचं.

गेटवेचा अर्ज पहिल्याच आठवड्यात करा. ते कागदपत्रं तपासतात आणि साईटवर संपर्काचा पत्ता, अटी, गोपनीयता, माल पाठवण्याचे नियम आणि पैसे परत करण्याचे नियम ही पानं आहेत का ते बघतात. ही पानं सगळ्यांना शेवटची वाटतात, प्रत्यक्षात ती आधी लागतात. परताव्याचं पान दुसऱ्या साईटवरून उचलू नका. सात दिवसांत परत घेऊ असं कपड्यांच्या दुकानाला चालतं. तुम्ही लिहायचं ते पाकीट फुटलं, तेल सुटलं, चुकीचा पदार्थ गेला तर किती तासांत फोटो पाठवायचा आणि तुम्ही काय कराल. त्याच पानांवर कायद्याचंही उरकून घ्या. ग्राहक संरक्षणाचे ई-कॉमर्स नियम २०२० सालचे आहेत. त्यांनुसार तक्रार कोणाकडे करायची त्या व्यक्तीचं नाव आणि संपर्क साईटवर लागतो, आणि तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत द्यावी लागते. पाकीटबंद मालाची किंमत, निव्वळ वजन, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता पदार्थाच्या पानावर हवं, आणि अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांकही तिथेच दाखवा.

घरपोच रोख मात्र पहिल्या टप्प्यात ठेवू नका असं मी आग्रहाने सांगेन. साडी परत आली तर पुन्हा विकता येते. पाच दिवस फिरून परत आलेली चकली विकता येत नाही, आणि तिने कढईतली जागा आधीच खाल्लेली असते.

आता ज्या गोष्टी दिसणार नाहीत, पण आत्ताच पेरून ठेवायला हव्यात, त्यांच्याबद्दल. एखादी सोय नंतर घालता येते म्हणून तिची माहितीही नंतर गोळा करता येते असं नाही. लॉगिन नंतर येऊ दे, पण प्रत्येक ऑर्डरवर मोबाइल क्रमांक एकाच पद्धतीने, दहा आकडी, साठवला गेला पाहिजे. पुढच्या वर्षी लॉगिन आलं की त्या क्रमांकावरून जुन्या ऑर्डर आपोआप त्या ग्राहकाच्या नावावर लागतील. कोणी शून्य लावून, कोणी +९१ लावून, कोणी मध्ये जागा सोडून लिहिलं असेल तर ते शेकडो क्रमांक हाताने निवडत बसावं लागेल. मराठी कीबोर्डवरून बरेच जण देवनागरी आकडे टाकतात आणि साईट 'क्रमांक चुकीचा आहे' म्हणून त्यांना परत पाठवते. आपल्या मराठी ग्राहकाला मराठी आकडा टाकल्याबद्दल अडवणं मला फार लागतं. साईटने तो आकडा मुकाट्याने बदलून घ्यावा, अर्ध्या तासाचं काम आहे.

दुसरं पेरायचं ते भाव आणि कर. ऑर्डर झाली त्या क्षणीचा भाव आणि जीएसटीचा दर त्या ऑर्डरच्या ओळीतच उतरवून ठेवला पाहिजे. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद नमकीनवरचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. माझ्याकडे आलेल्या एका जुन्या साईटमध्ये दर थेट बिलाच्या पानात लिहिलेला होता. तो बदलल्याबरोबर ऑगस्टमधली जुनी बिलंही पुन्हा छापताना ५ टक्क्यांची निघू लागली. मालक घाबरले, त्यांचे सीए चिडले, आणि जुने दर एकेक करून परत भरावे लागले. तुम्ही आज जीएसटीत नोंदलेल्या असा वा नसा, ही जागा आत्ताच ठेवून घ्या.

आणि डोमेन, म्हणजे साईटचा इंटरनेटवरचा पत्ता, तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर घ्या. एजन्सीच्या नको.

मागे टाकायच्या गोष्टींपैकी सगळ्यात जास्त मोह अ‍ॅप आणि लॉगिनचा होईल. ग्राहक तुमच्याकडून वर्षातून किती वेळा घेतो ते वहीत बघा. दिवाळी, गणपती आणि मध्ये एखादा मसाला, असं असेल तर तीनदा घेण्यासाठी कोणी अ‍ॅप फोनमध्ये ठेवत नाही आणि पासवर्डही लक्षात ठेवत नाही. वर्षभराने तो पासवर्ड विसरलेला असतो आणि ऐन गर्दीत तुम्ही तो बदलून देत बसता. मसाल्याचे ग्राहक दर महिन्याला येत असतील तर गोष्ट वेगळी. म्हणून मी लॉगिनला तारीख देत नाही, खूण देतो: एकाच क्रमांकावरून वर्षात चारदा किंवा जास्त ऑर्डर करणारे ५० ग्राहक झाले की लॉगिन आणि 'मागचीच ऑर्डर परत' हे बटण करायचं. पन्नास हा आकडा माझ्या अनुभवाचा आहे, तुम्ही चाळीस धरा किंवा साठ. पण खूण आधी लिहून ठेवा, नाहीतर एखाद्या नातेवाइकाने सुचवलं म्हणून काम सुरू होतं.

कुरिअर कंपनीची जोडणीही तशीच. दिवसाला दहा-बारा पार्सलं असतील तर त्यांच्या पानावर पत्ता हाताने भरायला अर्धा-पाऊण तास लागतो, तेवढा सोसावा. रोजची पार्सलं २५ च्या वर सलग दोन आठवडे राहिली की जोडणी करा. लाइव्ह ट्रॅकिंग त्याच्यासोबतच येतं, वेगळं नको. ठाण्यात घरचंच कोणी स्कूटरवर देत असेल, तिथे 'माल निघाला' एवढा संदेश पुरतो. तो संदेशही सुरुवातीला फोनमधल्या बिझनेस व्हॉट्सअ‍ॅपवरून हाताने पाठवा, कारण साईटवरून एसएमएस पाठवायचा तर टेलिकॉम कंपन्यांकडे पाठवणाऱ्याची नोंदणी, जिला डीएलटी नोंदणी म्हणतात, आणि मजकुराची मंजुरी लागते, त्यात दिवस जातात. वॉलेट आणि पॉइंट यादीतून काढूनच टाका. रिव्ह्यूच्या जागी व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या कौतुकाच्या चार ओळी, विचारून, पानावर लावा. भाषा एकच ठेवा, मराठी, आणि पदार्थांची नावं तेवढी इंग्रजी अक्षरांतही द्या, म्हणजे शोधणाऱ्याला सापडतील.

इथे तुमच्यावर अवलंबून असलेली एक गोष्ट आहे. दिवाळीत तुमचा निम्म्याहून जास्त माल ऑफिसांना भेट म्हणून जात असेल, तर मी वर सांगितलेलं बरंच बदलतं. ती ऑर्डर भावावर घासाघीस करून, जीएसटीचं बिल मागून, शंभर डबे एका पत्त्यावर अशी येते. ती साईटच्या टोपलीत बसवू नका. एक साधा अर्ज ठेवा: किती डबे, कधी, कुठे, फोन. पुढचं तुम्ही बोला, आणि ठरलं की त्यांचे किलो त्या दिवसाच्या कोट्यातून स्वतः वजा करा. हे वजा करायची सोय तुमच्या पानावर आहे ना, तेवढं पाहून घ्या. ती राहून गेली की ऑफिसला दिलेली चकली साईट परत विकते.

वेळेचं गणित मला असं दिसतं. तुमच्याकडे गणपतीपर्यंत सुमारे सात आठवडे आहेत. एवढी छोटी साईट तयार दुकानावर चार-पाच आठवड्यांत उभी राहते, भाव आणि फोटो तुमच्याकडून वेळेत गेले तर. उशीर बहुतेक वेळा तिथेच होतो, म्हणून फोटो या रविवारी दिवसाच्या उजेडात खिडकीशी काढून टाका. गणपतीच्या दहा दिवसांत साईट फक्त ओळखीच्या पंचवीस-तीस जणांना द्या. त्यात पाचपाखाडीतले शेजारी असावेत, कोपरीतला कोणी, नेरूळ-खारघरचे दोन-तीन, आणि वाचायला चष्मा लागतो असे किमान पाच जण. त्यांनी ऑर्डर करताना जे जे फोन करून विचारलं ते एका वहीत लिहा, त्यांच्याच शब्दांत. नवरात्रात त्या वहीतलं दुरुस्त करा. दसऱ्यानंतर साईटमध्ये नवीन काहीही घालायचं नाही, कोणी कितीही सोपं आहे म्हटलं तरी. भाव, फोटो आणि कोट्याचा आकडा एवढंच तुम्ही बदलायचं.

वही मात्र भाऊबीजेपर्यंत चालू ठेवा. मार्गशीर्षात हात मोकळे झाले की दोघी बसून मोजा, कुठला प्रश्न किती वेळा आला. 'माझं पार्सल कुठे आहे' चाळीस वेळा आणि 'माझं खातं कसं उघडू' एकदा, असं निघालं तर दुसऱ्या टप्प्यात काय घ्यायचं ते एजन्सीने सांगायची गरज उरत नाही.

एजन्सीशी बोलताना त्यांच्या यादीवर खुणा करत बसू नका, नवा कागद द्या. त्यावर खारघरची ऑर्डर लिहा, कढईचा कोटा लिहा, पान बंद करून पैसे भरायची ती पारख लिहा, आणि गणपतीची तारीख लिहा. पैशांचा शेवटचा हप्ता ती दहा रुपयांची ऑर्डर तुमच्या डोळ्यांसमोर यादीत आल्यावरच द्यायचा, हेही त्याच कागदावर. त्यांचा नवा अंदाज आला की इथे टाका, मी पाहून सांगतो.